‘भिजू दे सोयाबीन’ म्हटलं आणि भाच्यानं खरंच भिजू दिलं

प्रश्न: लातूरच्या मोंढ्यात माझं आडत दुकान आहे. हैदराबादला वाढलेला बहिणीचा पोरगा, वय 19, दिवाळीच्या आधीपासून दुकानात हाताखाली आहे. ऐन सुगीत दुपारी आभाळ आलं, ओट्यावर सोयाबीनचे कट्टे उघडे आणि हा उभा मोबाइल बघत. पाऊस सुरू झाला तशी मी आतून ओरडलो, “राहू दे, भिजू दे सोयाबीन, चांगलं टपोरं होईल!” त्यानं खरंच राहू दिलं. वीस-बावीस कट्टे भिजले. विचारलं तर म्हणतो, “मामा, तुम्हीच तर म्हणालात.” आधी वाटलं उलट बोलायलाय, पण तसं लेकरू नाही ते. बहीण म्हणते, माझ्या पोराला येडं समजता का. त्याला हे समजावू कसं? आणि सुरावरून टोमणा कळतो म्हणतात, तो नेमका कशावरून कळतो?

उत्तर:

भाऊ, भाच्यानं उलट उत्तर दिलं नाही आणि त्याच्या डोक्यातही काही कमी नाही. मी नांदेडला वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. शब्द कळतात पण बोलण्यातला रोख कळत नाही, अशी लेकरं आणि मोठी माणसं माझ्याकडे नेहमी येतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा भाचा त्यांच्यातला वाटत नाही. टोमणा कळायला जे लागतं ते त्या दुपारी त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि जे पोचलं ते त्याला भलत्याच बाजूला घेऊन गेलं.

आधी तुमचं वाक्यच बघा. “राहू दे, भिजू दे सोयाबीन” इथपर्यंत ते नुसतं सांगणं आहे. पुढं तुम्ही जोडलंत, “चांगलं टपोरं होईल.” मोंढ्यात वाढलेल्या माणसाला हा शेवटचा तुकडा म्हणजेच खूण. भिजलेलं सोयाबीन फुगतं, वाळलं की साल सुरकुततं, दाणा काळपट पडतो, कट्ट्यात ऊब धरून बुरशी लागते आणि सौद्यात माल डागी म्हणून मागं पडतो, हे तुमच्या हमालाच्या पोरालाही ठाऊक आहे. “टपोरं होईल” ऐकल्याबरोबर तो ताडपत्रीकडं पळाला असता. तुमच्या भाच्याला यातलं काहीच ठाऊक नाही. त्यानं घरी हरभरे भिजवलेले पाहिलेत, मटकी भिजवलेली पाहिलीय. भिजलं की दाणा टपोरा होतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे “हे खरं धरू नकोस” असं कळावं म्हणून तुम्ही जे वाढवून बोललात, ते त्याला कारण वाटलं. तुम्ही नुसतं “भिजू दे” म्हणाला असता तर तो कदाचित थबकला असता, वळून बघितलं असतं. मामानं कारणासकट सांगितलं, मग शंका घ्यायची कशाला?

टोमण्याचा पाया आधी दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टीत असतो, सूर नंतर येतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात एक श्लोक उदाहरणादाखल दिलाय. आपलं वाईट केलेल्या माणसाला बोलणारा म्हणतो, तुम्ही फार उपकार केलेत, काय सांगावं, केवढा चांगुलपणा दाखवलात, मित्रा, असंच करत राहा आणि शंभर वर्षं सुखानं जग. आपल्याकडं “लई उपकार झाले बरं का” म्हणतात त्यातलाच प्रकार. कागदावर सूर नसतो, तरी श्लोकाचा अर्थ लागतो, कारण समोरच्यानं अपकार केलाय हे आपल्याला आधी माहीत असतं. तेवढी एक माहिती काढून घ्या, मग तो श्लोक सरळ आभाराचा होतो. तुमच्या भाच्याच्या हातून ती एक माहितीच निसटली होती: ओल लागली की माल गेला.

आता सुराचं. तुम्ही आतून ओरडलात, तो बाहेर ओट्यावर, तुमच्याकडं पाठ असेल, आणि मोंढ्यातल्या पत्र्यांवर पाऊस पडायला लागला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. माणूस ओरडतो तेव्हा आवाजाची पट्टी आपोआप चढते आणि जवळजवळ सगळेच स्वर लांबतात. टोमण्याची खूण कुठं असते? ठरावीक एखाद्या शब्दाला ताणण्यात, मध्येच पट्टी सोडण्यात, शेवट जड करण्यात. सगळंच ताणलं गेलं तर त्यातला मुद्दाम ताणलेला शब्द वेगळा उठून दिसत नाही. शिवाय तोंड दिसत नव्हतं. एका बाजूला वर गेलेली भुवई, वाकडा ओठ, तुमची ती मोंढ्यातली नजर, यातलं काहीही त्याच्या वाट्याला आलं नाही. त्याच्यापर्यंत पोचले ते शब्द आणि मामा मोठ्यानं बोलतोय एवढंच. मोंढ्यात तर सगळेच मोठ्यानं बोलतात.

म्हणून समजावताना “एवढं कसं कळलं नाही तुला” इथून सुरुवात केलीत तर बोलणं तिथंच संपेल. मी असं सुचवीन. दुकान बंद झाल्यावर, मुनीम आणि हमाल गेल्यावर, दोघंच बसा. पहिल्याच वाक्यात सरळ अर्थ सांगा: “परवा मी ‘भिजू दे’ म्हणालो ना, मला म्हणायचं होतं, लगेच ताडपत्री टाक.” एवढंच. त्याच्या आधी प्रस्तावना नको आणि त्यात दुसरा टोमणा तर मुळीच नको. उपरोध समजावताना मूळ अर्थ गुलदस्त्यात ठेवायचा आणि “तूच सांग मला काय म्हणायचं होतं” असं विचारायचं, ही शिक्षकांची जुनी सवय. ज्याला कळलेलं नाही त्याची ती परीक्षा होते, आणि नापास होणार हे दोघांनाही माहीत असतं.

मग विचारा, “तुला काय ऐकू आलं? आणि राहू द्यावं असं का वाटलं?” हा प्रश्न खरंच उत्तर हवं म्हणून विचारा. त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तो म्हणाला, “पावसात नीट कळलंच नाही, फक्त ‘राहू दे, भिजू दे’ एवढं ऐकू आलं,” तर सुराबद्दल त्याला काही शिकवायची गरज नाही. ओरडून टोमणे मारायचे नाहीत हे तुम्ही ठरवायचंय. तो म्हणाला, “मला वाटलं ओलं चालत असेल,” तर त्याला भिजलेल्या कट्ट्यातला मूठभर माल आणि कोरडा माल शेजारी शेजारी ठेवून दाखवा, दोन्ही दाण्यांना नख लावायला सांगा, वास घ्यायला सांगा, भावातला फरक सांगा. ज्या दिवशी त्याला ओल्या मालाचं नुकसान पोटात कळेल, त्या दिवसापासून हाच टोमणा तो पाठमोरा असतानाही ओळखील.

तिसरं उत्तर येण्याची शक्यता मला जास्त वाटते. तो म्हणेल, “मामा, तुम्ही चिडलेलात हे कळलं होतं, पण तुम्ही म्हणालात तेच केलं.” हे ऐकून तुम्हाला पुन्हा राग येईल, तर तो आवरा, कारण यात मोठी गोष्ट आहे. टोमणा ओळखणं आणि ओळखून त्याप्रमाणं वागायची हिंमत करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामाच्या दुकानात नवीन लागलेला पोरगा. मामा म्हणतो राहू दे. त्यानं राहू दिलं आणि चूक निघाली तर “तुम्हीच म्हणालात” म्हणता येतं. त्यानं झाकलं, आणि मामाला खरंच राहू द्यायचं असलं, उदाहरणार्थ तो माल आधीच खराब म्हणून बाजूला काढलेला असला, तर “सांगितलेलं ऐकत नाही” हा शिक्का बसतो. वडीलधाऱ्यांपुढं लहान माणूस शब्दाला धरून राहतो, त्यातच त्याला सुरक्षित वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या सुना, नवे शिकाऊ कामगार यांच्या बाबतीत मला हे फार दिसतं. “अक्षरशः घेतलं” म्हणून ज्यांची थट्टा होते त्यातल्या कितीतरी जणांना बोलण्यातला कडूपणा नीट कळलेला असतो. तो कशाबद्दल आहे आणि आता करायचं काय, याची खात्री नसते.

यानंतर, उलट का बोललो ते सांगा, आणि खरं सांगा. “अरे गंमत केली” म्हणू नका. ती गंमत नव्हती. तो मोबाइलमध्ये होता, कट्टे उघडे होते, तुम्हाला राग आला, आणि रागाचं सरळ वाक्य गिळून तुम्ही उलटं वाक्य बाहेर काढलंत. “मला राग आला होता, म्हणून उलटं बोललो. असं मी कधीकधी बोलतो.” उपरोधाला गंमत म्हटलं की ऐकणाऱ्याची वर्गवारीच चुकते. पुढच्या वेळी तुम्ही रागानं तसं बोललात की तो हसेल, आणि तुम्ही म्हणाल पोरगं निर्ढावलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: सुरावरून नेमकं कशावरून कळतं. लोकांना वाटतं, टोमण्याचा म्हणून एक ठरलेला आवाज असतो. तसा नसतो. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आवाजाची मोजणी केली तेव्हा उपरोधाच्या वाक्यात पट्टी खाली उतरलेली आणि बोलणं संथ झालेलं आढळलं. हाँगकाँगकडच्या कँटोनीज बोलणाऱ्यांत मात्र पट्टी उलट वर चढलेली आढळली. म्हणजे अमुक पट्टी लागली की टोमणा, असा नियम सगळ्यांना लागू पडत नाही. कान शोधतो ती विसंगती: शब्दांना जसा आवाज शोभला असता तसा आवाज लागलेला नाही. कौतुकाचे शब्द आणि कौतुकाचा उत्साह नाही, किंवा उत्साह इतका जास्त की खोटा वाटावा. यासाठी त्या माणसाचा नेहमीचा आवाज ओळखीचा लागतो. तुमच्या हमालांना तुमचा आवाज वर्षानुवर्षं ठाऊक आहे. भाचा आता कुठं ऐकायला लागलाय, आणि त्याचा कान घडला तो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या लोकांच्या बोलण्यावर.

“लई चांगलं केलंस” हे वाक्य घ्या आणि मोठ्यानं म्हणून बघा. भाच्यानं पावत्या नीट लावल्या म्हणून तुम्ही खुशीत म्हणताय, तेव्हा वाक्य एका झटक्यात निघतं, ‘लई’वर आवाज उडी मारतो, तीन शब्द एकमेकांना चिकटून येतात आणि “केलंस” हलका, छोटा होऊन संपतो. आता त्यानं कट्टे भिजवले म्हणून म्हणा. “लईऽ चांऽगलं... केलंस.” ‘लई’ आणि ‘चां’ लांबले, दोन्ही जवळजवळ सपाट राहिले, नंतर जराशी थांबणूक आली, आणि शेवटचा शब्द जड होऊन खाली आपटला. कोणी नाकातून काढतं, कोणी दातांवर दात ठेवून. शब्द तेच, क्रमही तोच. माझ्या कानाला मराठवाड्यातल्या बोलण्यात सगळ्यांत भरवशाची खूण ही थांबणुकीची वाटते. खरं कौतुक करणारा मध्ये थांबत नाही, कारण त्याला ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ द्यायचा नसतो.

आणखी बोलकं उदाहरण म्हणजे “राहू दे, मी करतो.” हे वाक्य आपल्या घराघरात दिवसातून कितीदा तरी म्हटलं जातं. खरंच मदत करायची असते तेव्हा दोन्ही तुकडे जुळून येतात, जोर “करतो”कडं झुकतो आणि माणूस बोलता बोलता हात पुढं करतो. रुसून, टोचून म्हणायचं असतं तेव्हा “राहू दे” तुटून वेगळं पडतं, मग थांबणूक, आणि सगळा जोर “मी”वर. “राहू दे. मीऽ करतो.” त्या “मी”त ‘तू करत नाहीस’ हे भरलेलं असतं. तुमच्या घरातलं कोणीही हे दोन्ही प्रकारे म्हणून दाखवील, तालमीची गरज लागायची नाही.

भाच्याचा कान तयार करायला हीच दोन वाक्यं पुरेत. त्याला तुमच्याकडं पाठ करून बसवा, म्हणजे चेहऱ्याची मदत नको. एकदा सरळ म्हणा, एकदा टोचून म्हणा, क्रम बदलत राहा, आणि त्याला सांगू द्या. चुकला तर लगेच दोन्ही प्रकार एकापाठोपाठ म्हणून दाखवा. एकेकटं ऐकून फरक कळत नाही, शेजारी ठेवला की कळतो. मग ओठ मिटून नुसतं गुणगुणा: शब्द गेले, सूर राहिला. “हा माणूस खूश आहे की चिडलाय?” एवढंच विचारा. गुणगुणण्यातून तो चिडलाय हे ज्याला ओळखता येतं, त्याच्या कानात काही कमी नाही. त्यानंतर तोच आवाज शब्दांसह ऐकवा आणि दुसरा प्रश्न विचारा: “शब्द कौतुकाचे आहेत की रागाचे?” सूर चिडलेला आणि शब्द कौतुकाचे, अशी फारकत दिसली की टोमण्याचा संशय घ्यायचा. हे वाटलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तो नाहीतरी हातातच असतो. (मी दवाखान्यात ‘प्रात’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर आवाजाच्या चढउताराची रेघ दाखवते. घरी त्याची काही आवश्यकता नाही, पण हिशोबी डोक्याच्या पोरांना ती रेघ पटकन पटते.)

सुराच्या जोडीला आपल्याकडं आणखी एक खूण चालते, आणि ती पाठ फिरवलेल्या माणसालाही कळते: मान अचानक वाढतो. रोज “ए पोरा” म्हणणारा मामा एके दिवशी “या सरकार, बसा, चहा सांगू का?” म्हणाला, तर समजायचं की उशीर झालाय. “राजे उठले का?”, “साहेबांना वेळ मिळाला म्हणायचा”, “मेहरबानी झाली मालक.” एकोणीस वर्षांच्या पोराला अहो-जाहो सुरू झालं की काहीतरी बिघडलंय. पण ही खूणही माणूस ओळखूनच लागू करावी. काही घरांत लहान लेकराला लाडानं “या मालक” म्हणतातच, आणि मोंढ्यात गिऱ्हाइकाला तर “मालक” हेच संबोधन. मान नेहमीपेक्षा वाढला का, एवढंच बघायचं.

इतकं करूनही सूर नेहमी साथ देईल असं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आपल्या भागात कोरड्या चेहऱ्यानं, साध्या आवाजात, डोळा न हलवता टोमणा मारणारी माणसं गावोगाव आहेत, आणि ती त्यातच पटाईत समजली जातात. त्यांच्यापुढं गुणगुणण्याची युक्ती चालत नाही. तिथं एकच आधार उरतो: जे म्हटलं गेलं ते डोळ्यांसमोरच्या गोष्टीशी जुळतं का? कट्टे भिजताहेत आणि माणूस “छान” म्हणतोय. भिजणं कोणाच्या तरी फायद्याचं आहे का? नसेल, तर शब्द सोडून द्यायचे. उलट प्रकारही असतो. आजी नातवाला “आलास का रे मेल्या” म्हणते, मित्र मित्राला शिवी देऊन मिठी मारतो. तिथं शब्द कडू आणि आवाज मऊ. नुसते शब्द बघणारा दोन्हीकडं फसतो.

पण भाऊ, खरी दुरुस्ती तुमच्या बाजूची आहे, आणि ती भाच्याच्या शिकवणीपेक्षा सोपी आहे. झालेल्या गोष्टीवर टोमणा मारला आणि समोरच्यानं खरा धरला, तर फार तर तो खूश होऊन “थँक्यू मामा” म्हणेल आणि आजूबाजूचे हसतील. तुमचा टोमणा आज्ञेच्या रूपात होता: राहू दे, भिजू दे. आज्ञा खरी धरली की ती अमलात येते. “जा, अजून झोप”, “फेकून दे ते सगळं”, “नको येऊ उद्यापासून”, ही सगळी त्याच जातीची वाक्यं, आणि शिकाऊ पोरांच्या हातून यातलं प्रत्येक वाक्य खरोखर पाळलं जाऊ शकतं. शेवटच्या वाक्यावर तर पोरं खरंच येत नाहीत, आणि मालक आठ दिवस म्हणत राहतो, मी कुठं काढलं त्याला. दुकानात जिथं माल, पैसा, वजनकाटा किंवा गाडी यांचा संबंध आहे तिथं सरळ आज्ञा द्या: “ताडपत्री टाक. पळ.” तीन शब्द, पावसातही ऐकू जातात. राग काढायचा तो माल झाकून झाल्यावर काढा. दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर उलटं बोलूच नका. तिथं सूरही नाही, चेहराही नाही, आणि वाचणारा कुठल्या गडबडीत वाचतोय तेही तुम्हाला दिसत नाही.

भाच्याला एक वाक्य देऊन ठेवा: “मामा, झाकू का राहू देऊ?” दोन्ही पर्याय त्यात आहेत, त्यामुळं तुम्हाला एक निवडावाच लागतो. “खरंच?” असं विचारलं तर चिडलेला माणूस “हो, खरंच!” म्हणून अजून एक टोमणा मारतो आणि गुंता वाढतो. त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं, हे तुमच्याकडून कबूल करा. पहिल्या खेपेला तुम्ही “अजून पूजा करतोस का कट्ट्यांची?” असं म्हणालात की तो पुन्हा कधी विचारणार नाही.

समजावल्यानंतरच्या दिवसांत एक अडचण हमखास येते, तिच्यावर लक्ष ठेवा. ज्याला उपरोध नव्यानं कळला तो काही काळ सगळीकडं उपरोध बघतो. तुम्ही मनापासून “बरं झालं लवकर आलास” म्हणाल आणि त्याचं तोंड उतरेल. “टोमणा मारला का मामा?” असं तो विचारू लागला, किंवा कौतुक केल्यावर गप्प होऊन कामात डोकं घालू लागला, की समजा कान गरजेपेक्षा जास्त लागलाय. त्यावर उपाय, कौतुक करताना तपशील सांगणं. टोमण्याचं कौतुक बहुतेक वेळा मोठं आणि मोघम असतं: लई भारी, कमाल केलीस, दिवे लावलेस. खऱ्या कौतुकात नेमकी गोष्ट येते: “काल शेवटच्या गाडीच्या पावत्या तू जुळवल्यास, एकही खाडाखोड नव्हती.” टोमणा मारणारा एवढे कष्ट सहसा घेत नाही. दोन-तीन आठवडे असं बोललात की तो सैलावेल.

बहिणीच्या बोलण्यामागं भीती असेल, म्हणून तेवढंही सांगते. एका प्रसंगावरून काही ठरत नाही. पण तो लहानपणापासूनच थट्टा, म्हणी, “डोक्यावर बसलाय” असली बोलणी शब्दशः घेत आला असेल, मित्रांच्या हसण्याचं कारण त्याला नेहमी विचारावं लागत असेल, तर एकदा वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाला किंवा मानसशास्त्रज्ञाला दाखवावं. ऑटिझम असलेल्या काही हुशार मुलांचं असं होतं आणि ते मोठेपणी लक्षात येतं. त्यांना समजावण्याची रीत थोडी वेगळी, जास्त उघड असते. पाठमोरा असताना त्याला साध्या हाकाही ऐकू येत नसतील तर कानाची तपासणी आधी. ऐकणं कमी झालेल्या माणसाला शब्द ओठांवरून जुळवता येतात, सूर मात्र निसटतो. आणि पूर्वी टोमणे नीट ओळखणाऱ्या माणसाला डोक्याला मार लागल्यावर किंवा अर्धांगवायूनंतर ते कळेनासे झाले, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं, विशेषतः मेंदूच्या उजव्या बाजूला इजा असेल तेव्हा. बोलणं शाबूत असल्यानं घरच्यांना वाटतं, माणूस हट्टी झालाय.

बहिणीला फोन तुम्ही स्वतः करा, भाच्याकरवी निरोप नको. “तुझ्या पोराची चूक नव्हती, मी उलटं बोललो आणि त्याला मालाचं ठाऊक नव्हतं” एवढं सरळ सांगा. ती कदाचित म्हणेल, “बरं झालं बाई, कळलं एकदाचं.” ते कोणत्या सुरात म्हणते ते तुम्हाला वेगळं शिकवायची गरज नाही.